अर्धा कोर्ट, आठ पोरं आणि लाल बॉल: पहिल्याच तासात रॅली कशी जमवायची

टेनिस शिकवायला नवीन उभं राहिलं की बहुतेक जण एकच करतात, पोरांना रांगेत लावतात, स्वतः नेटजवळ बास्केट घेऊन उभे राहतात आणि एकेकाला बॉल टाकत बसतात. मीही सुरुवातीला तेच करायचो, मग एक दिवस घड्याळ लावून हिशोब केला. ५ सेकंदांना एक बॉल टाकला तरी १० मिनिटांत १२० बॉल होतात, पोरं आठ, म्हणजे एकेकाच्या वाट्याला १५ फटके आणि बाकी सगळा वेळ रांगेत उभं राहून पुढच्याच्या पाठीत रॅकेट टोचणं. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आपण मारलेला बॉल परत येतो आणि त्याच्यासाठी तयार व्हावं लागतं, हा जो टेनिसचा गाभा आहे तो त्या १० मिनिटांत कुणाला एकदाही भेटलाच नाही.

म्हणून आता मी पहिल्या दिवसापासून रॅली आणि पॉइंट यावरच शिकवतो, हात कसा फिरवायचा हे त्यातच मध्ये मध्ये सांगतो. आंतरराष्ट्रीय टेनिस फेडरेशनने २००७ मध्ये 'प्ले अँड स्टे' मोहीम काढली तिचा सूर हाच होता, नवीन माणसाला पहिल्याच तासात सर्व्ह, रॅली आणि स्कोअर जमला पाहिजे. ते नेहमीच्या पिवळ्या बॉलने होत नाही, त्याला छोटा कोर्ट, मंद बॉल आणि आखूड रॅकेट लागते. २०१२ पासून तर १० वर्षं आणि खालच्या मुलांच्या स्पर्धांमध्ये नेहमीचा पिवळा बॉल वापरायचाच नाही असा नियम आहे.

पूर्ण कोर्ट मिळणं अवघड असतं, पलीकडे दुसरी बॅच किंवा मोठी माणसं खेळत असतात, म्हणून खाली जे सांगतोय ते नेटच्या एका बाजूच्या अर्ध्या कोर्टात आठ मुलं धरून सांगतोय.

आधी कोर्ट आखा

लाल बॉलचा कोर्ट साधारण ११ मीटर लांब आणि ५.५ मीटर रुंद. आता गंमत बघा, मोठ्या कोर्टाची डबल्सची रुंदी १०.९७ मीटर असते, म्हणजे कोर्ट आडवा वापरला की एका डबल्स साइडलाइनपासून दुसऱ्या साइडलाइनपर्यंत आपली लांबी आपोआप मिळते, त्या दोन साइडलाइन म्हणजेच आपल्या बेसलाइन. आणि सर्व्हिस लाइन ते मोठी बेसलाइन हे अंतर ५.४८ मीटर, म्हणजे रुंदीही जवळजवळ हवी तीच. मागचा छोटा कोर्ट आखलेलाच आहे असं समजा. पुढचा कोर्ट सर्व्हिस लाइनपासून नेटकडे, तिथे ६.४० मीटर जागा आहे, त्यातली नेटलगतची ९० सेंमी सोडून द्या म्हणजे पोरं नेटवर जाऊन आदळत नाहीत.

एक अडचण येते ती आधीच सांगतो. सर्व्हिस लाइन फक्त सिंगल्सच्या साइडलाइनपर्यंतच असते, डबल्सच्या पट्टीत ती नसते, त्यामुळे दोन्ही टोकांना १.३७ मीटरचा तुकडा खडूने जोडावा लागतो. हे केलं नाही की नेमक्या शेवटच्या टप्प्यात, जिथे सगळ्यात जास्त भांडणं होतात, तिथेच लाइन नसते.

नेटसाठी छोटी पोर्टेबल नेट असली तर उत्तम, नाहीतर रुंद रंगीत पट्टी चालते, ती मधल्या सर्व्हिस लाइनच्या बरोबर वर, मोठ्या नेटपासून मागच्या जाळीपर्यंत ताणायची. सर्व्हिस लाइनच्या मागे मधली लाइन संपते, तिथून बेसलाइनवरची मधली छोटी खूण बघून सरळ न्यायची. उंची ८० सेंमी. मोजपट्टी नसेल तर मोठ्यांची २७ इंची रॅकेट उभी धरा, ती साधारण ६८-६९ सेंमी भरते, तिच्यावर एक मूठ ठेवली की झालं. एवढी लांब पट्टी मध्ये झोळ खाते, म्हणून मधे दोन ठिकाणी खुर्च्यांचा किंवा स्टँडचा टेकू द्या. आणि गाठ ओढली की सुटेल अशीच मारा, पोरगं धावत येऊन पट्टीत अडकलं तर पट्टी सुटली पाहिजे, पोरगं पडता कामा नये. मोठ्या नेटला बांधताना फार ताणू नका, पलीकडे खेळणाऱ्यांची नेट वाकडी होते आणि ते बरोबरच चिडतात.

आता दोन छोटे कोर्ट झाले. प्रत्येकाच्या मधोमध लांबीला खडूची एक रेघ मारा, म्हणजे चार पट्ट्या तयार होतात, प्रत्येक पावणेतीन मीटर रुंद. एका पट्टीत समोरासमोर दोघं, चार पट्ट्यांत आठही पोरं एकाच वेळी खेळतायत आणि रांग नाहीच. डावखुरा मुलगा असेल तर शेजाऱ्याची आणि त्याची रॅकेट मधल्या रेघेवर एकमेकांना लागणार नाही अशा बाजूला त्याला उभा करा.

बॉल आणि रॅकेट

लाल बॉल नेहमीच्या बॉलपेक्षा साधारण ७५ टक्के मंद असतो आणि आकाराने मोठा. उसळीचा फरक आकड्यांत सांगायचा तर २५४ सेंमी उंचीवरून सोडला की पिवळा बॉल १३५ ते १४७ सेंमी वर येतो आणि फेल्टचा लाल बॉल ९० ते १०५. हाच फरक पोराच्या अंगावर बघा, सात वर्षांच्या मुलाला पिवळा बॉल डोक्याच्या उंचीवर भेटतो, मग ते बिचारं हात वर करून कसाबसा फटका मारतं आणि तीच सवय पुढे कायम राहते. लाल बॉल त्याच मुलाला कमरेजवळ भेटतो आणि हात आपोआप खालून वर फिरतो, तुम्ही न सांगता.

लाल बॉल फोमचाही मिळतो. फोम हॉलमध्ये छान, अगदी लहानांना लागतही नाही, पण बाहेर वाऱ्यात तो भलतीकडेच जातो आणि कोर्ट ओला असेल तर पाणी पिऊन जड होतो. बाहेर खेळणार असाल तर फेल्टचाच घ्या.

रॅकेट मोठ्यांची २७ इंच, आपल्याला १९ ते २३ इंच. मोघम धरायचं तर ४-५ वर्षांना १९, ६-७ वर्षांना २१, त्यापुढे ८-९ पर्यंत २३. पण वयापेक्षा उभं करून बघा, हात सरळ खाली सोडून रॅकेट धरली की टोक जमिनीच्या अगदी जवळ यावं, जमिनीवर घासता कामा नये. 'वाढत्या अंगाची' म्हणून मोठी रॅकेट घेतात ती चूक लगेच दिसते, मनगट खाली लोंबतं, पोरगं दुसऱ्या हाताने रॅकेटच्या गळ्याला आधार देतं आणि बॉल फ्रेमवर लागून टणक असा आवाज येतो. त्या दिवशी दुसरी रॅकेट नसेल तर हँडल वरून, गळ्याजवळ धरायला सांगा, तेवढ्याने काम भागतं.

पायरी १: बॉल जमिनीवरून

पहिली ३-४ मिनिटं नेटची पट्टी विसरा, बॉल पट्टीखालून जमिनीवरून घरंगळत पाठवायचा आणि समोरच्याने रॅकेटने थांबवून परत ढकलायचा. मोठ्या पोरांना हे बाळबोध वाटतं पण करून घ्याच, कारण यात बॉलच्या मागे सरकणं आणि रॅकेटचं तोंड समोर ठेवणं या दोन गोष्टी कुठल्याही उसळीच्या त्रासाशिवाय येतात. बॉल एका बाजूला निघून जात असेल तर रॅकेटचं तोंड तिकडे वळलंय, हे पोराला स्वतःच्या डोळ्याने दिसतं, तुम्हाला सांगावं लागत नाही.

पायरी २: हाताने रॅली

रॅकेट बाजूला ठेवायची. खालून हाताने बॉल नेटवरून टाकायचा, एक टप्पा पडू द्यायचा, मग दोन हातांनी झेलायचा, झेलायचा तो पोटासमोर नाही तर थोडा बाजूला आणि पुढे, म्हणजे जिथे नंतर रॅकेट येणार आहे तिथे. ओळीने १० झेल झाले की पुढे.

ही पायरी लोक उडवतात आणि नंतर पस्तावतात. ज्याला टप्पा पडलेला बॉल कुठे येईल हे कळत नाही त्याला रॅकेट दिली तर तो फक्त हवेत फिरवतो, आणि आपण त्याचा हात सुधारत बसतो जेव्हा खरी चूक पायाची असते. १० झेल होत नसतील तर अंतर कमी करा, दोघांनाही नेटपासून दोन-दोन मीटरवर घ्या.

पायरी ३: एक रॅकेट, मग दोन

आता दोघांत एकच रॅकेट. एक जण हाताने टाकतो, दुसरा टप्प्यानंतर रॅकेटने परत पाठवतो, पहिला झेलतो. टाकणाऱ्याला सांगा की तुझं काम आहे समोरच्याला सोपा बॉल देणं, तो झेलता येईल असा परत आला तर पॉइंट दोघांचा. पाच झाले की रॅकेट बदलायची.

मग दोघांकडे रॅकेट. प्रत्येक रॅलीची सुरुवात सारखीच, बॉल स्वतःच्या पुढे आणि बाजूला सोडायचा, टप्पा पडू द्यायचा आणि खालून ढकलायचा. मी 'मार' हा शब्दच वापरत नाही, 'पाठव' म्हणतो, कारण मार म्हटलं की पोरं मारतातच. पकडीबद्दल एवढंच, रॅकेटशी हात मिळवल्यासारखी धर. बाकीचं नंतर.

आता प्रत्येक जोडीने मोठ्याने मोजायचं. नेटवरून गेलेला प्रत्येक बॉल म्हणजे एक. चुकलं की पुन्हा एकपासून, आणि जोडीचा सगळ्यात मोठा आकडा तेवढा लक्षात ठेवायचा. सुरुवातीला दोन टप्पे चालतील असं सांगून टाका.

एक जोडी जवळून बघू

मागच्या बॅचमध्ये एक आठ वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा जोडीत होते, बाकी तिन्ही पट्ट्या आठ-दहापर्यंत पोचल्या आणि यांचं प्रत्येक वेळी तीनवर तुटायचं. एक, दोन, तीन आणि बॉल बाहेर. मला आधी वाटलं मुलगा लहान आहे, त्याचाच प्रॉब्लेम असणार. मी बॉलवरून नजर काढली आणि फक्त मुलीचे पाय बघितले, तेव्हा कळलं. ती सोडून पाठवायची तो पहिला बॉल चांगला जायचा, मुलगा दुसरा परत पाठवायचा तो आखूड पडायचा, नेटपासून दीड मीटरवर, आणि ती बेसलाइनवरून पळत यायची, धावता धावता बॉल तिच्या अगदी पोटाजवळ यायचा, जागा उरत नसल्यामुळे रॅकेटचं तोंड आकाशाकडे व्हायचं आणि तिसरा बॉल उंच जाऊन मुलाच्या मागे पडायचा. म्हणजे चूक दिसत होती तिसऱ्या फटक्यात, पण सुरू होत होती दुसऱ्याच्या आधी, ती उभी कुठे आहे तिथे.

हाताबद्दल तिला एक शब्द बोललो नाही. बेसलाइनच्या दीड मीटर पुढे जमिनीवर खडूने एक गोल काढला आणि सांगितलं की प्रत्येक बॉल पाठवला की या गोलात परत ये, मग पुढचा बघ. मुलाच्या बाजूला बेसलाइनच्या जरा आत खडूचा मोठा चौकोन काढला आणि तिला सांगितलं बॉल याच्यात टाक. पहिल्या दोन-तीन वेळेला ती गोल विसरली, मग मुलगाच ओरडायला लागला 'गोल, गोल!' आणि पाच-सहा मिनिटांत त्यांचा आकडा नऊवर गेला. तिचं रॅकेटचं तोंडही सरळ झालं होतं कारण आता तिला फटक्याच्या आधी थांबायला वेळ मिळत होता.

यातून मी एक क्रम पाळतो, रॅली तुटली की आधी बघायचं पोरगं कुठे उभं होतं, मग बॉल अंगापासून किती लांब भेटला, आणि सगळ्यात शेवटी रॅकेटचं तोंड कुठे होतं. बॉल उंच आणि लांब जातोय म्हणजे तोंड वर उघडलंय, नेटमध्ये जातोय म्हणजे तोंड खाली झुकलंय किंवा हात खालून वर गेलेलाच नाही, पण त्या दोन्हीचं कारण दहातल्या सात-आठ वेळा पायातच असतं. आणि एका वेळी एकच गोष्ट सांगा, दोन सांगितल्या की पोरगं दोन्ही विसरतं.

पायरी ४: आता पॉइंट

रॅली सहा-आठपर्यंत जायला लागली की स्कोअर सुरू करा, तोही त्याच दिवशी, पुढच्या आठवड्यावर ढकलू नका. फक्त एकदम उघडा पॉइंट खेळायला दिला की जे पोरगं आत्ता छान पाठवत होतं तेच पहिल्या बॉलला सगळा जोर लावतं आणि रॅली मरते. म्हणून माझा नियम असा, पहिले तीन बॉल दोघांनी मिळून नेटवरून पाठवायचे, मोठ्याने एक, दोन, तीन म्हणायचं, आणि चौथ्यापासून पॉइंट चालू. तिनाच्या आत चुकलं तर कुणालाच पॉइंट नाही, परत सुरुवात. याने रॅलीही टिकते आणि चढाओढही येते.

सात पॉइंटपर्यंतची गेम. मोजणी १, २, ३ अशी सरळ. १५-३०-४० अजिबात नको, ते शिकवण्यात अर्धा तास जातो आणि खेळ थांबतो, पोरांना रॅली जमली की महिन्याभराने एका दिवसात येतं. सर्व्ह म्हणजे तोच सोडून, टप्पा पाडून, खालून पाठवलेला बॉल, बेसलाइनच्या मागून, दोन संधी. दर दोन पॉइंटांनी सर्व्ह बदलते. सर्व्ह करणाऱ्याने आधी स्वतःचा आकडा मोठ्याने म्हणायचा, मग समोरच्याचा, 'चार-तीन', आणि मगच बॉल सोडायचा. हा एक नियम कडक ठेवा, भांडणं अर्धी होतात. तरीही आकड्यावरून वाद झाला तर दोघांना जो शेवटचा स्कोअर मान्य आहे तिथे परत जायचं. आपल्या बाजूचा बॉल आत की बाहेर हे आपणच सांगायचं, आणि नक्की दिसलं नसेल तर बॉल आत.

पट्टीतल्या गेमा दोन-तीन झाल्या की मधली रेघ विसरून पूर्ण छोट्या कोर्टावर खेळवा. आता प्रत्येक कोर्टावर दोन खेळतात, दोन बाहेर. बाहेरचे नुसते बसत नाहीत, एक जण स्कोअर म्हणतो, दुसरा बॉल गोळा करतो, आणि ४ मिनिटं झाली की अदलाबदल. वेळ लावूनच खेळवा, सातपर्यंत वाट बघितली तर एक कोर्ट लवकर संपतो आणि दुसरा अडकून राहतो, शिट्टी वाजली की जो पुढे तो जिंकला. जिंकणारे मागच्या कोर्टाकडे, हरणारे पुढच्या कोर्टाकडे, असं दोन-तीन फेऱ्यांत सारख्या ताकदीची पोरं आपोआप समोरासमोर येतात.

एखादी जोडी ७-१ अशी संपत असेल तर दोघांनाही काही मिळत नाही. लहान्याला तीन पॉइंट आधीच देणं हा सोपा उपाय, पण मला दुसरा जास्त आवडतो, तगड्या पोराला सांगायचं की तुझा बॉल समोरच्या कोर्टाच्या फक्त डाव्या अर्ध्यातच पडला पाहिजे. त्याला नेम शिकायला मिळतो आणि समोरच्याला बॉल कुठे येणार हे अर्धं तरी माहीत असतं.

कोर्ट वाटून घेताना

आपल्या दोन छोट्या कोर्टांमध्ये फक्त एक रेघ आहे, आणि मोठ्या नेटपलीकडे वेगळीच माणसं खेळतायत, त्यामुळे तीन गोष्टी पहिल्या पाच मिनिटांतच पक्क्या करून घ्या. दुसऱ्याच्या कोर्टात बॉल गेला तर मागे धावायचं नाही, हात वर करून 'बॉल!' ओरडायचं, दोन्ही कोर्ट थांबतात, त्या कोर्टातलं कुणीतरी घरंगळत परत देतं, आणि ज्यांचा पॉइंट मोडला ते तो पुन्हा खेळतात. बॉल नेटपलीकडे गेला तर त्यांचा पॉइंट संपेपर्यंत थांबायचं, तोपर्यंत तुमच्याकडच्या जास्तीच्या बॉलने खेळा, आठ पोरांना सोळा बॉल असले की ओढाताण होत नाही. आणि पायाखाली आलेला बॉल कुणीही, कुठल्याही क्षणी उचलून जाळीकडे टाकायचा, कारण घोटा मुरगळतो तो धावण्याने नाही, बॉलवर पाय पडल्याने.

नारंगी बॉलकडे कधी जायचं

वय बघून नाही. साधारण ८-१० वर्षांचा टप्पा नारंगीचा धरतात, तो बॉल पिवळ्यापेक्षा ५० टक्के मंद आणि कोर्ट साधारण १८ मीटर लांब, साडेसहा मीटर रुंद, म्हणजे तो या आडव्या आखणीत बसत नाही, त्याला मोठ्या कोर्टाची लांबी लागते. मी दोन गोष्टी बघतो. पूर्ण छोट्या कोर्टावर, एकाच टप्प्यात, दोघांची १० ची रॅली बहुतेक वेळा होते का, आणि पॉइंट चालू असताना पोरगं फटका झाल्यावर कुणी न सांगता मधे परत येतं का. दुसरी गोष्ट नसेल तर मोठा कोर्ट दिल्यावर ते फक्त जास्त लांब पळतं. त्यांना अजून काही आठवडे लालच बॉल द्या, हवं तर डोक्यावरून सर्व्ह करायला शिकवा, छोट्या कोर्टावर ती पहिल्याच दिवशी आत पडते.

मोठी माणसं नव्याने शिकायला आली तरी हीच आखणी, हाच लाल बॉल, फक्त रॅकेट २७ इंची, हँडल जरा वरून धरून. त्यांना पहिल्या दोन पायऱ्यांत १० मिनिटं पुरतात, पण तीन बॉल मिळून पाठवायचा नियम त्यांनाच जास्त दिवस ठेवावा लागतो.